रुपयामागे तीन आणे



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरसाल होते, त्यांच्या हाताखाली मी ऐन तारुण्यात वर्ध्याच्या एका खादी भांडारात रोजकीर्द लिहीत होतो, आणि आज या व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा अधिकार काय तो तेवढाच आहे. पुढे मी आयुष्यभर वाणिज्य शिकवले. परंतु सवलत ही वस्तू मला प्रथम पुस्तकातून कळली नाही. ती कळली भांडाराच्या पायरीवर उभे राहून आत डोकावणाऱ्या आणि आत येण्याचा निश्चय होण्यापूर्वी एकच प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडून. सेलू-देवळीकडून बाजाराला आलेला शेतकरी, खांद्यावर दुपट्टा, हातात तेलाचा डबा, आणि प्रश्न असा: "रुपयामांगं किती सुटते, भाऊ?"

ह्या प्रश्नात एक संपूर्ण हिशेबपद्धती दडलेली आहे. 'शेकडा किती' असे त्याने विचारले नाही, कारण शंभर रुपयांची खरेदी त्याच्या कल्पनेतही नव्हती. 'एकूण किती सुटतील' असेही विचारले नाही, कारण काय घ्यायचे हे अजून ठरायचे होते. त्याने विचारले रुपयामागे. एका रुपयातून किती परत मिळेल ते कळले, की कमरेच्या कशात आहेत तेवढे रुपये मोजून तो मनातल्या मनात हिशेब पुरा करी. सवलत कोणत्या शब्दांत सांगावी, टक्क्यांत की रुपयांत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याविषयी परदेशात पुष्कळ संशोधन झालेले असले, तरी माझ्या मते त्याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यात खादीच्या रिबेटाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. म्हणून मी त्याच्याच आधाराने बोलणार आहे.

१९५३ साली केंद्र सरकारने गिरणीच्या कापडावर जादा अबकारी कर बसवला, आणि त्या उत्पन्नातून खादी व हातमाग यांना साहाय्य देण्याचा कायदा केला. खादीच्या गिऱ्हाइकाला या साहाय्याचे जे रूप दिसले, ते 'रुपयामागे तीन आणे' हे होते. तीन आणे म्हणजे रुपयाचे तीन सोळांश, शेकड्याच्या भाषेत पावणेएकोणीस. आता हा 'पावणेएकोणीस टक्के' शब्द फळ्यावर लिहून पाहा. एकही माणूस आत येणार नाही. 'रुपयामागे तीन आणे' मात्र वाचता न येणाऱ्यालाही कळत होते, कारण ते प्रमाण असूनही नाण्याच्या रूपात होते. प्रमाण आणि रक्कम यांचा असा संगम नंतरच्या कोणत्याही शब्दयोजनेत झालेला मला आढळला नाही.

मग १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस झाले. सहा, बारा, एकोणीस, पंचवीस ही चढण ज्याने बारकाईने पाहिली असेल, त्याला दिसेल की तिसऱ्या पायरीवर पाव पैशाची पदरमोड झालेली आहे. हा पाव पैसा आम्हा हिशेबनिसांच्या कपाळी दहा-दहा वेळा आला असता. पण मी दाखल झालो तोवर तो वाद जुन्या दप्तरात बांधला गेला होता. मात्र त्या संक्रमणात एक मोठी गोष्ट निसटली, ती अशी. रुपयाचे सोळा भाग होते तोवर लोकांची गणिती बुद्धी अर्ध्या-पाव-अर्धपावात चालत होती. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी घोकली होती, त्यांना साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे हे डोळे मिटून सांगता येई, आणि दहा टक्के मात्र अवघड जाई. शंभर पैशांचा रुपया झाल्यावर दहा आणि वीस सोपे झाले, आणि साडेबारा अवघड. टक्केवारी ही लोकांच्या तोंडची भाषा होण्याचे कारण केवळ शिक्षण नव्हे. तिच्याखालचे नाणेच बदलले होते.

येथे एक अवांतर निवेदन करतो. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला प्रमाणाची भाषा कळत नाही असे शहरातील लोक समजतात, ते खरे नाही. दरवर्षी खरिपाच्या शेवटी गावोगावची पैसेवारी जाहीर होते, आणि पन्नास पैशांच्या आत की वर एवढ्या एका आकड्यावर टंचाईच्या सवलती दीर्घकाळ अवलंबून असत. पैसेवारी हे शुद्ध प्रमाणच आहे: साधारण चांगले पीक म्हणजे शंभर पैसे, आणि त्याच्याशी यंदाच्या पिकाची तुलना. तलाठ्याशी वाद घालणारा शेतकरी 'पंचेचाळीस का नाही' असे म्हणून थांबत नाही; 'तुम्ही चांगले पीक कशाला धरले' हे तो आधी विचारतो. प्रमाण कशाचे, हा प्रश्न विचारण्याची ही जी सवय आहे, ती दुकानाच्या पाटीसमोर उभे राहताना त्यानेच नव्हे, तुम्ही-आम्हीही बाळगली, तर आजचे माझे अर्धे व्याख्यान अनावश्यक ठरेल.

आता मूळ विषयाकडे येऊ. रक्कम तीच असता ती दोन रीतींनी सांगितल्यास मनावर दोन परिणाम का व्हावेत? या प्रश्नाला १९८१ साली एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका साध्या प्रयोगाने तोंड फोडले. त्यांनी काही लोकांना असे विचारले की तुम्ही पंधरा डॉलरचे गणकयंत्र आणि सव्वाशे डॉलरचे जाकीट घ्यायला निघाला आहात. वीस मिनिटांच्या अंतरावरील दुसऱ्या दुकानात गणकयंत्र पाच डॉलरनी स्वस्त आहे. तुम्ही जाल काय? शंभरातील अडुसष्ट जण जाईन म्हणाले. दुसऱ्या गटासाठी किमतींची अदलाबदल केली, म्हणजे गणकयंत्र सव्वाशेचे आणि त्यावरच पाच डॉलरची बचत, तेव्हा होकार एकोणतीसच आले. वाचणारे डॉलर पाचच, जायची मिनिटे वीसच, एकूण खरेदीही तेवढीच. परंतु पंधरातून पाच म्हणजे तिसरा हिस्सा, आणि सव्वाशेतून पाच म्हणजे काहीच नव्हे. गिऱ्हाईक रकमेकडे पाहत नाही, रकमेच्या प्रमाणाकडे पाहते, असा याचा अर्थ. आणि तसे असल्यास जी शब्दयोजना प्रमाण पुढे आणते ती एका ठिकाणी उपकारक, आणि जी प्रमाण झाकून रक्कम पुढे आणते ती दुसऱ्या ठिकाणी, हे ओघानेच आले.

१९९८ साली चेन, मन्रो आणि लू या तिघांनी नेमके हेच तपासले. महाग वस्तूवरील सवलत रकमेत सांगितली तर ती मोठी वाटते आणि स्वस्त वस्तूवरील सवलत टक्क्यांत सांगितली तर मोठी वाटते, असे त्यांना दिसून आले. पुढे जोना बर्गर यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात याचे 'शंभराचा नियम' असे सुटसुटीत रूप केले: शंभराच्या खाली टक्के सांगा, शंभराच्या वर रक्कम. नियमामागील कारण प्राथमिक शाळेतले आहे. शंभर किमतीला वीस टक्के आणि वीस रुपये एकच आकडा देतात. शंभराखाली टक्क्यांचा आकडा मोठा असतो, वर रकमेचा.

हा नियम आपल्याकडे पुष्कळ व्याख्याते जसाच्या तसा सांगतात. मला तो जसाच्या तसा पटत नाही, आणि का ते एका भांडाराच्या चार वस्तूंवर चालवून दाखवतो. साठ रुपयांचा हातरुमाल, नऊशे रुपयांचा सदरा, तीन हजारांची रजई आणि आठ हजारांची रेशमी साडी अशा चार वस्तू घ्या, आणि सर्वांवर वीस टक्के सूट धरा. रुमालावर बारा रुपये सुटतात, सदऱ्यावर एकशे ऐंशी, रजईवर सहाशे, साडीवर सोळाशे. शंभराच्या नियमाप्रमाणे रुमालाखेरीज तिन्ही वस्तूंवर रुपयेच लिहिले पाहिजेत. डॉलरच्या देशात शंभर ही रक्कम स्वस्त आणि महाग यांच्या मधली खरीखुरी सीमा असेल. परंतु ज्या बाजारात साधा सदराही शंभराच्या नऊपट आहे, तेथे हा नियम 'नेहमी रुपये लिहा' एवढेच सांगतो, आणि नेहमी लागू पडणारा नियम काहीच निवडून देत नाही. शिवाय वर्ध्याच्या मुख्य रस्त्यावर दिवाळीत फिरून पाहा: कापड, भांडी, पादत्राणे, सारी दुकाने टक्क्यांनी भरलेली दिसतील. हे सर्व व्यापारी मूर्ख आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

त्यांच्या टक्केवारीला कारण आहे, आणि ते गिऱ्हाइकाच्या मनात शोधण्यापूर्वी दुकानदाराच्या दप्तरात शोधावे. आमच्या भांडारात सूट टक्क्यांत का होती? गिऱ्हाइकाला काय बरे वाटेल याचा विचार कोणी केला नव्हता. सूट सरकारची होती, आणि तिची भरपाई मागताना रोखपावत्यांच्या आधारे दरमहा जो तक्ता पाठवावा लागे त्यात एकूण विक्री, सवलतीचा दर आणि देय रक्कम हे रकाने होते. विक्रीच्या बेरजेला दराने एकदा गुणले की काम संपले. प्रत्येक वस्तूवर वेगवेगळ्या रुपयांची सूट ठेवली असती, तर रुमाल किती, सदरे किती, रजया किती हे सर्व मोजावे लागले असते, आणि तपासनिसाने दोन दिवसांऐवजी दोन आठवडे मुक्काम ठोकला असता. दर ही कारकुनाची सोय होती. आणि कारकुनाची सोय ही कालांतराने जनतेची भाषा होते, हे इंग्रजी अमदानीपासून आपण पाहत आलोच आहोत.

परंतु आता माझ्या निरीक्षणातला मुद्दा सांगतो. कारकुनाच्या सोयीसाठी आलेल्या त्या टक्क्याने हंगामी विक्रीत एक काम असे केले, जे रुपयांना कधीही करता आले नसते. २ ऑक्टोबर आला, भांडारावर पाटी लागली, की चार दिवसांत वार्ता आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंत पोहोचे. वार्ता नेमकी काय पोहोचे? 'खादीवर वीस टक्के सुरू झाले.' एवढेच. हे वाक्य एसटीत बसते, लग्नघरात बसते, शाळेच्या शिक्षकखोलीत बसते; कारण कोणाला काय घ्यायचे आहे यावर ते अवलंबून नाही. 'रजईवर सहाशे रुपये सुटतात' हे वाक्य ज्याला रजई घ्यायची आहे त्याच्याच कामाचे. बाकीचे ते ऐकतात आणि पुढे सांगत नाहीत. तेव्हा दुकानाच्या दाराबाहेर, जेथे गिऱ्हाइकाने अजून वस्तू निवडलेली नाही, तेथे टक्के योग्य. दाराच्या आत, जेथे त्याचा हात रजईवर पडलेला आहे, तेथे रुपये योग्य. शब्दयोजना किमतीवरून ठरवण्यापेक्षा गिऱ्हाईक कोठे उभे आहे यावरून ठरवावी, हे माझे म्हणणे आहे, आणि शंभराच्या नियमाला माझ्या लेखी जागा आहे ती दाराच्या आत.

ज्यांच्या नावाने आपण येथे जमलो आहोत, त्या व्यवस्थापकांना हे संशोधनावाचून ठाऊक होते. एका ऑक्टोबरात रुमाल, सदरे आणि टॉवेल सपाट्याने जात होते, पण रजया मात्र फडताळात तशाच. थंडी तोंडावर आलेली. गिऱ्हाईक रजई उलगडून पाही, किमतीची चिठ्ठी पाही आणि घडी घालून ठेवून देई. दारावरची टक्क्यांची पाटी त्याने वाचलेली होतीच. पण चिठ्ठीवरच्या आकड्याला त्या पाटीने छेद देण्याचे काम उभ्या-उभ्या कोणी करीत नव्हते. बायकामाणसे तर एकमेकींना 'केवढ्याले पडते मंग?' असे विचारून अंदाज बांधत, आणि अंदाज नेहमी चढाच निघे. दुपारी भांडार बंद असताना व्यवस्थापकांनी मला पुठ्ठ्याचे तुकडे कापायला लावले आणि प्रत्येक रजईवर तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या: मूळ किंमत, वजा सूट, द्यायचे. दुसरी ओळ त्यांनी तांबड्या शाईने लिहिली आणि तिसरी सर्वांत ठसठशीत. दर बदलला नाही, एक पैसा जास्त सुटला नाही. दोन-तीन दिवसांत फडताळाचा खालचा कप्पा मोकळा झाला. एका भांडारातील एका आठवड्याच्या ह्या अनुभवाला मी प्रयोगाचा दर्जा देत नाही, त्याच सुमारास थंडीही पडू लागली होती. परंतु 'द्यायचे' ही तिसरी ओळ त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेली नाही, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

टक्के बाहेर आणि रुपये आत, एवढे म्हणून हा विषय संपला असता, जर मूळ किंमत नेहमी प्रामाणिक असती तर. रुपयांची सूट आणि टक्क्यांची सूट यांत एक स्वभावभेद आहे. सहाशे रुपये हे सहाशे रुपयेच राहतात. वीस टक्के मात्र स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत. ते कशाचे वीस टक्के यावर त्यांचा सारा जीव असतो. खादीच्या बाबतीत हा 'कशाचे' सहसा संशयास्पद नव्हता, कारण खादीची किंमत कापूस, पेळू, कताई, विणाई, धुलाई यांच्या दरांवरून एका ठरीव खर्चपत्रकाने बांधली जाई. कताईच्या मजुरीचा प्रश्न तर चरखा संघाने १९३५ साली निर्वाहवेतनाच्या तत्त्वावर सोडवण्याचा प्रयत्न केला, आणि त्यामुळे खादी महागली तरी महागू दिली. ज्या किमतीत प्रत्येक पैशाचा हिशेब देता येतो, त्या किमतीचे वीस टक्के हे खरे वीस टक्के. बाजारातील इतर मालाला असे खर्चपत्रक नसते. त्याला असते ती छापील कमाल किरकोळ किंमत, जी उत्पादक स्वतः ठरवतो. नावातच ती कमाल आहे. कमाल किमतीवरून दिलेली सूट कित्येकदा वर्षभर चालणाऱ्या भावावरची सूट नसतेच. तो वर्षभराचा भावच असतो, फक्त वेश निराळा.

मीही एकदा या वेशाला भुललो. काही वर्षांपूर्वी दसऱ्याला घरातील एका यंत्रासाठी मी एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पाटीवर 'चाळीस टक्क्यांपर्यंत' होते. त्यातील 'पर्यंत' हा शब्द एवढ्या बारीक अक्षरात की माझ्या चष्म्याचा दोष म्हणून मी तो सोडून दिला. मला हवे होते त्या यंत्रावर वीस टक्के, आणि कार्डावर आणखी दहा. मी मनात तीस धरले. पैसे देताना आकडा जास्त निघाला तेव्हा मी, ज्याने तीस वर्षे पोरांना शेकडेवारी शिकवली तो, काउंटरवर उभा राहून तोंड वासून पाहत होतो. दहा टक्के राहिलेल्या ऐंशीतून वजा होत होते, म्हणजे आठ. एकूण सूट अठ्ठावीस. वीस हजारांच्या वस्तूवर हे दोन टक्के म्हणजे चारशे रुपये. दोन सवलती लागोपाठ लावल्या की त्यांची बेरीज होत नाही, हे जाणूनही माणूस बेरीजच करतो. या चुकीवर चेन आणि राव या दोन संशोधकांचा २००७ चा स्वतंत्र निबंधच आहे. तो मी वाचलेला होता, ही गोष्ट त्या काउंटरवर माझ्या उपयोगी पडली नाही. दोन्ही सवलती रुपयांत लिहिल्या असत्या, चार हजार आणि सोळाशे, तर फसवणुकीला जागा राहिली नसती, आणि कदाचित म्हणूनच त्या लिहिल्या नव्हत्या.

रुपयांची भाषाही निर्मळच असते असे नाही, परंतु तिचे दोष वेगळे आहेत. 'हजाराच्या खरेदीवर शंभर रुपये सूट' हे वाक्य घ्या. नेमक्या हजाराला ते दहा टक्के आहे. एकोणीसशे नव्याण्णवाच्या खरेदीला ते पाच टक्क्यांहून थोडेसेच अधिक. आणि साडेआठशेच्या खरेदीला शून्य. साडेआठशे झालेले गिऱ्हाईक नको असलेला दीडशेचा माल उचलते, आणि दीडशे देऊन शंभर वाचवते, म्हणजे पन्नास रुपयांना नको ती वस्तू विकत घेते. येथे रक्कम खरी आहे, पण उंबरठा मोजून ठेवलेला आहे. तो ओळखण्याची रीत एवढीच की आपण घरून ठरवून आलेल्या यादीची बेरीज आधी करावी, आणि पाटी नंतर वाचावी.

आता हंगामाविषयी. हंगामी सवलतीचा खरा धोका पाटीवर दिसत नाही, तो वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत दिसतो. खादीला बाराही महिन्यांची साधी सूट आणि गांधीजयंतीपासून पुढे काही दिवसांची विशेष सूट, अशी व्यवस्था दीर्घकाळ चालली. परिणाम असा झाला की जून-जुलैत भांडारात माशा मारण्याची पाळी यावी. गिऱ्हाईक येई, पाही, आणि म्हणे, "ऑक्टोबरात घेऊ." त्याच्या मनात मूळ किंमत ही किंमत उरलीच नव्हती, सुटीचा भाव हाच भाव, आणि मूळ भाव हा दंड. टक्का जितका गोल आणि सालोसाल जितका स्थिर, तितका हा समज लवकर घट्ट होतो, कारण 'खादीवर वीस टक्के' हे वाक्य जसे गावोगाव जाते तसे ते वर्षानुवर्षेही जाते. जी पाटी वार्ता पसरवते तीच सवय लावते. रुपयांतील सूट वस्तूगणिक निराळी असल्यामुळे कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि हे विस्मरण हंगामी विक्रेत्याच्या पथ्यावर पडते. यंदा रजईवर सहाशे सुटले, पुढील साली चारशे सुटले, तर कुरकुर होते. पण वीस टक्क्यांचे पंधरा केले तर बोंब होते. ज्याला दरवर्षी तीच सूट देणे परवडेल याची शाश्वती नाही, त्याने ती टक्क्यांत बांधून घेऊ नये.

ही शाश्वती खादी भांडारांनाही एके दिवशी राहिली नाही. २०१० साली खादी आयोगाने विक्रीवरील रिबेटाची जागा विपणन विकास साहाय्य या योजनेला दिली. साहाय्य विक्रीऐवजी उत्पादनाच्या मूल्यावर, वीस टक्क्यांच्या दराने, मिळू लागले, आणि त्याची वाटणी झाली: शंभरातील पंचवीस भाग कातणाऱ्या-विणणाऱ्यांना, तीस उत्पादक संस्थेला, पंचेचाळीस विक्री करणाऱ्या संस्थेला. हजार रुपयांच्या उत्पादनावर दोनशे रुपये. त्यातील पन्नास कारागिरांच्या खात्यात, साठ उत्पादकाकडे, नव्वद भांडाराकडे. पुढे या योजनेचे रूप पुन्हा बदलले, तो तपशील येथे नको. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की पूर्वी दोनशेच्या दोनशे गिऱ्हाइकाच्या हातात पडत, आणि आता भांडाराच्या वाट्याला नव्वदच येत होते. जुन्या सवयीने वीस टक्क्यांची पाटी लावायची तर उरलेले एकशे दहा स्वतःच्या नफ्यातून भरावे लागत. पण या योजनेने एक स्वातंत्र्यही दिले, जे फारच थोड्या भांडारांच्या लक्षात आले. तक्त्यातला 'सवलतीचा दर' हा रकानाच गेला. सूट द्यावी की नाही, कशावर द्यावी, कोणत्या शब्दांत द्यावी, हे आता दप्तरातून सुटून काउंटरवर आले होते.

त्या वर्षी मी निवृत्त होतो, पण जुन्या ओळखीमुळे एका भांडाराच्या मंडळींनी मला सल्ल्याला बोलावले. वीस टक्के परवडत नाहीत, दहा लावले तर लोक परत जातील, हा त्यांचा पेच. मी त्यांना सांगितले ते असे. दारावर टक्का लिहा, पण तो पेलेल एवढाच आणि कायम ठेवता येईल एवढाच. दहाच लिहा, कारण दहाचा हिशेब दशांश नाण्यात पोरही करते. मग मोसमाची एक वस्तू निवडा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कापूस घरात यायचा असतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो, तेव्हा रुमाल-टॉवेलांवर जोर द्या. दिवाळीनंतर कापसाचे पैसे येऊ लागतात, थंडी सुरू होते, तेव्हा रजई आणि सतरंजी यांवर ठळक रुपये लिहा. ती रक्कम दहा टक्क्यांच्या वरची असू द्या, पण तिला टक्क्याचे नाव देऊ नका. आणि रकमेचा आकडा असा ठेवा की ज्याला गिऱ्हाइकाच्या आयुष्यात काही अर्थ आहे. कापूस वेचणीला आलेल्या बाईला पाचशे रुपये म्हणजे किती दिवसांची मजुरी हे चटकन कळते, साडेसोळा टक्के कळत नाहीत.

त्यांनी बहुतेक ऐकले. साडीवरही रुपये लिहा, हे मात्र त्यांनी फार काळ ऐकले नाही, आणि तेथे त्यांचे बरोबर होते. आठ हजारांच्या साडीवर सुटणारी रक्कम रुपयांत लिहिली तेव्हा काही गिऱ्हाइकांनी, विशेषतः नागपूरकडून सेवाग्राम पाहायला आलेल्यांनी, शंका घेतली की एवढे सोडतात तर साडीत काही खोट असेल. मोठी रक्कम मोठी वाटते, आणि फार मोठी रक्कम संशयास्पद वाटते. रेशमावर त्यांनी टक्केच ठेवले, आणि चिठ्ठीवर तिसरी ओळ.

या तिसऱ्या ओळीविषयी बोलतो असे मघाशी म्हटले होते. टक्के आणि रुपये या दोघांच्या वादात गिऱ्हाइकाचा मूळ प्रश्न कित्येकदा हरवून जातो. त्याला किती सुटतात हे जाणण्याची हौस आहे, पण किती द्यायचे हे जाणण्याची गरज आहे; कारण कशातले पैसे मोजून देणारा तो आहे. आमच्या व्यवस्थापकांनी रजयांवर चिठ्ठ्या लावल्या त्या संध्याकाळी एक वृद्ध बाई आल्या. वाचता येत नव्हते. त्यांनी पुठ्ठ्याच्या तिन्ही ओळींवर बोट ठेवून मला विचारले, "यातले माहे कोनते?" मी खालच्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या, मग पुन्हा एकदा तांबड्या ओळीकडे बोट करून विचारले, "आन् हे?"

"ते सरकारचे, आजी."

"मंग लिवलं कायले?" असे म्हणून त्यांनी रजई काखेत मारली आणि त्या निघून गेल्या.